ताईला दिसणारे लाल-हिरवे पट्टे

गंगापूर रोडच्या घरी प्रोजेक्टर आणला आणि पहिल्याच रात्री ताई म्हणाली, "अरे, श्रेयनामावलीतल्या अक्षरांना लाल-हिरवे पट्टे दिसतायत." मला काहीच दिसत नव्हतं. मग मी पसरलेली बोटं डोळ्यांसमोर भराभर हलवली. बोटांच्या कडा लाल, हिरव्या, निळ्या झाल्या! तिचं अगदी खरं होतं.

आमचा प्रोजेक्टर एकाच चिपचा डीएलपी, म्हणजे चिपवरच्या इवल्या आरशांनी चित्र टाकणारा. त्यात तिन्ही रंग पडद्यावर एकदम येत नाहीत. फिरती रंगचकती ते एकामागून एक टाकते आणि मेंदू ते जुळवतो. नजर झटकन सरकली, की प्रत्येक रंग डोळ्याच्या पडद्यावर वेगळ्या जागी पडतो. म्हणून काळ्यावरची पांढरी अक्षरं सगळ्यात वाईट. काहींना हे चटकन जाणवतं, काहींना कधीच नाही. ताईच्या डोळ्यांत दोष नाही, हे आईला दोनदा सांगावं लागलं.

आमच्या मॉडेलची चकती सिग्नलच्या दुप्पट वेगाने फिरते. सेट-टॉप बॉक्स ५० हर्ट्झवर होता, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. तो ६० वर केला, १२० झाले. क्रिकेटमध्ये चेंडू किंचित अडखळतो, तेवढं सोसलं. मग दिवा इको मोडवर टाकला, पडद्यामागे मंद दिवा लावला आणि ताईची खुर्ची मागे सरकवली, म्हणजे नजर कमी धावते.

पट्टे बरेच कमी झाले, पण काळ्या दृश्यांत अजून चमकतात. ते पूर्ण घालवायचे तर तिन्ही रंग एकदम टाकणारा, उदाहरणार्थ तीन एलसीडी पॅनेलचा, प्रोजेक्टर हवा. त्यात चकतीच नसते.