सिमवरचे जुने मेसेज स्मार्टफोनवर घेताना या चुका टाळा

साध्या फोनमधलं सिम काढून स्मार्टफोनमध्ये घातलं, मेसेज अॅप उघडलं आणि इनबॉक्स रिकामा दिसला, की मेसेज उडाले असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तोवर काहीही गेलेलं नसतं. मेसेज जातात ते त्यानंतरच्या घाईत.

मेसेज सिमवर आहेत हे गृहीत धरणं

बऱ्याच कीपॅड फोनमध्ये मेसेज फोनच्या स्वतःच्या मेमरीत साठतात. असं असेल तर सिम कुठेही घाला, काहीच येणार नाही. सिम काढण्याआधी फोनच्या मेसेज सेटिंगमध्ये Memory status किंवा तशाच नावाचा पर्याय शोधा. तिथे SIM: 14/20 असं काही दिसलं, तर सिमवरच्या 20 जागांपैकी 14 भरलेल्या आहेत. असा पर्याय नसेल, तर सिम दुसऱ्या कीपॅड फोनमध्ये घालून बघा. तिथे दिसतील तेवढेच मेसेज सिमवर आहेत. बाकीचे फोनमध्ये असतील आणि फोनला Copy to SIM ची सोय असेल, तर थोडे थोडे करून सिमवर घ्या. Move मात्र वापरू नका. मूळ प्रत शेवटपर्यंत जागेवर राहू द्या.

दुकानात सिम बदलून किंवा कापून घेणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नव्या फोनला नॅनो सिम लागतं म्हणून कंपनीकडून नवं सिम घेतलं, तर नंबर तोच राहतो, पण कार्ड कोरं असतं. मेसेज जुन्या कार्डाच्या चिपमध्येच राहतात आणि ते कार्ड बऱ्याचदा काउंटरवरच टाकून दिलं जातं. ते मागून घ्या. नंबर बंद झाला तरी चिपमधले मेसेज वाचायला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे बंद पडलेलं सिमही उपयोगाचं आहे.

कापण्याचंही तसंच. जुनं मोठं सिम 25 × 15 मिमी असतं, नॅनो 12.3 × 8.8 मिमी. जुन्या कार्डांवर सोनेरी पट्टीच कधीकधी नॅनोपेक्षा मोठी असते. कटर पट्टीवरून गेला आणि आतल्या चिपला किंवा तिच्या तारांना धक्का लागला, तर मेसेज कायमचे गेले. मोठं सिम बसणारा जुना अँड्रॉइड फोन एखाद्या दिवसासाठी मिळवणं केव्हाही बरं.

सिमला पिन असेल तर अंदाजाने टाकू नका. 3 चुकांनंतर सिम लॉक होतं, आणि पुढे लॉक उघडायचा पीयूके कोड 10 वेळा चुकला तर ते कायमचं निकामी होतं.

चुकीच्या अॅपमध्ये शोधणं

सिमवरचे मेसेज इनबॉक्समध्ये आपोआप येत नाहीत. सॅमसंगच्या स्वतःच्या मेसेज अॅपमध्ये Settings, More settings, Text messages आणि मग Manage SIM card messages असं जावं लागतं. तिथे मेसेज निवडून Copy to phone करायचं. सगळ्याच मेसेज अॅपमध्ये ही सोय नसते, आणि आयफोन सिमवरून फक्त कॉन्टॅक्ट घेतो, मेसेज घेत नाही. बॅकअप अॅपही फोनच्या इनबॉक्सचाच बॅकअप घेतात. म्हणून आधी कॉपी, मग बॅकअप.

एकच ओळ कॉपी करून थांबणं

सिमवरच्या एका जागेत इंग्रजी मजकुराची 160 अक्षरं मावतात, देवनागरीची जेमतेम 70. मेसेज लांब असेल तर त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक देवनागरी तुकड्यात 67 च अक्षरं राहतात. म्हणजे 150 अक्षरांचा मराठी मेसेज 3 जागा घेतो. काना-मात्रासुद्धा यात वेगळे मोजले जातात: ‘आई’ 2 अक्षरांत बसतं, ‘बाबा’ला 4 लागतात. साध्या फोनवर हा मेसेज सलग दिसत असला, तरी कॉपीच्या यादीत तो 3 ओळींत आणि कधीकधी उलटसुलट क्रमाने दिसू शकतो. मजकूर वाक्याच्या मध्येच तुटला, तर उरलेला तुकडा यादीत शोधा.

आलेल्या मेसेजसोबत वेळ साठवलेली असते. पाठवलेल्या मेसेजसोबत ती साठतच नाही, त्यामुळे कॉपीनंतर तिथे 1970 किंवा आजची तारीख दिसली तरी मेसेज बिघडलेला नाही. नाव न दिसता नुसता नंबर दिसला, तर तो नंबर नव्या फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा.

फोन वाचत नसेल तर

सिम चालणारं जुनं यूएसबी डोंगल कॉम्प्युटरला लावा आणि टर्मिनल प्रोग्राममधून त्याच्या सिरियल पोर्टवर हे द्या:

```
AT+CMGF=0
AT+CPMS="SM"
AT+CMGL=4
```

दुसऱ्या ओळीच्या उत्तरात भरलेल्या आणि एकूण जागा कळतात. तिसरी ओळ सगळे मेसेज सांकेतिक आकड्यांत देते. ते जसेच्या तसे फाइलमध्ये ठेवा आणि या आकड्यांचा मजकूर करून देणाऱ्या पीडीयू डीकोडरमधून वाचा. पहिल्या ओळीत 0 ऐवजी 1 दिलं, तर तिसऱ्या ओळीत 4 ऐवजी "ALL" द्यावं लागतं, आणि तरीही देवनागरीच्या जागी बऱ्याचदा भलतीच अक्षरं येतात.

एखादा मेसेज चुकून डिलीट झाला, तर सिम लगेच बाहेर काढा. बरेच फोन ती जागा फक्त ‘रिकामी’ म्हणून खूण करतात आणि नवा मेसेज तिथे येईपर्यंत जुना मजकूर चिपमध्ये राहतो. वरच्या कमांड रिकाम्या जागा दाखवत नाहीत, त्यासाठी स्मार्टकार्ड रीडर लागतो. पण तोवर ते सिम साध्या फोनमध्ये परत घालू नका, कारण पुढचा एसएमएस नेमका त्याच जागेवर बसू शकतो.