उन्हाळ्यात फोनवर गेम अटकतो? या चुका टाळा

एप्रिल लागला की माझ्या दुकानात रोज तेच ऐकू येतं: "भाऊ, रेंज नाई राहत, गेम अटकून राह्यला." आणि प्रत्येकाने मोठा रिचार्ज आधीच मारलेला असतो. रेंजला दोष देण्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. गेममध्ये एका जागी उभे राहा आणि बोटाने कॅमेरा गोल फिरवा. दृश्य लोण्यासारखं फिरतंय, पण बाकीचे खेळाडू इथून गायब होऊन तिथे उगवतायत, तर दोष नेटवर्कचा. दृश्यच झटके खात फिरतंय, स्क्रीन आपोआप मंद झाली आहे आणि खेळ सुरू केला तेव्हा सगळं ठीक होतं, तर फोन तापला आहे. प्रोसेसर जळू नये म्हणून फोनने स्वतःच त्याचा वेग कमी केला आहे. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

बहुतेक फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून बाहेरच्या हवेत जाते, आणि किती जाईल हे मुख्यतः पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा पाठ ४४ अंशांवर आहे. खोली २९ अंशांची असेल तर फरक १५ चा. खोली ४१ ची असेल तर फरक फक्त ३ चा, म्हणजे ढोबळमानाने पाचवा हिस्सा उष्णता बाहेर पडणार. पुण्यातल्या माणसाचा व्हिडिओ बघून त्याच फोनवर तीच सेटिंग ठेवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालची खोली दुपारी कुठे जाते, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चार्जिंगला लावून खेळणं. शेजारच्या गावचा एक पोरगा फोन घेऊन आला होता. त्याने फोटो उडवले, फोन रिसेट केला, तरी थोड्याच वेळात गेम झटके खायचाच. विचारलं तर कळलं, वरच्या टिनाच्या खोलीत, गादीवर लोळून, जाड रबरी कव्हर घालून आणि फास्ट चार्जर लावून खेळतो. लाइन जाईल म्हणून चार्जर काढतच नाही. मी कव्हर आणि चार्जर काढले, कूलरच्या हवेत बसवलं आणि खेळायला लावलं. फोन नीट चालला. मग त्याच खुर्चीवर दोन्ही परत लावले, आणि थोड्या वेळात झटके सुरू. फोन तोच, रेंज तीच. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, खेळताना प्रोसेसर तापतो, आणि दोघांना बाहेर पडायला पाठ एकच. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की बहुतेक फोन चार्जिंग हळू करतात किंवा थांबवतात, म्हणजे चार्जर लावूनही फायदा होत नाही. मी स्वतः आधी चार्ज करतो, फोन निवू देतो आणि मगच खेळतो. एवढा धीर नसेल त्याने तक्रार घेऊन येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक ऐकली की मला रागच येतो: तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणं. थंड झालेला फोन बाहेर काढला की हवेतला ओलावा त्याच्यावर जमतो, आतसुद्धा. आपल्याकडे उन्हाळ्याची हवा कोरडी असते खरी, पण कूलर चालू असलेल्या बंद खोलीत ती कोरडी राहत नाही. कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरलेले फोन मी उघडून बघितलेत. आतली ओलावा दाखवणारी पांढरी पट्टी लाल झालेली असते, आणि मग वॉरंटीचं नाव काढता येत नाही. ओलं फडकंही गुंडाळू नका. कव्हर काढा, गेम बंद करा, फोन पंख्याखाली टेबलावर पालथा ठेवा. कूलरसमोर बसायचं तर तुषार अंगावर येणार नाहीत इतकं दूर बसा.

फोन थंड करणारी ॲप काढून टाका. कोणतंही ॲप उष्णता ओढून बाहेर टाकू शकत नाही. रेंज एकच काडी असेल तर मोडेमही जास्त ताकद लावून तापतो, म्हणून घरी वायफाय असेल तर तेच वापरा.

सेटिंगमध्ये मी पहिल्यांदा फ्रेम रेट एक पायरी खाली आणतो, ग्राफिक्स नंतर. ९० वरून सुरू होऊन घसरत, अडखळत चालणाऱ्या गेमपेक्षा ६० वर सलग चालणारा गेम नेम धरायला बरा. ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवा. एवढं करूनही भर दुपारी टिनाखाली फोन तापणारच. तेव्हा सकाळी किंवा रात्री खेळा.

आणि पाठ उचललेली दिसली, स्क्रीनच्या कडेला फट पडली किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुलायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. त्याला चार्जर लावू नका, पाठ दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. फोन बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या.