जुन्या पत्रावरून नवं पत्र करताना या चुका टाळा

नाव, तारीख आणि रकमेच्या अनेक चुका टायपिंगच्या नसतात. मागच्या करारपत्राची फाइल उघडून, नाव बदलून, तीच पुढे वापरली की जुनं काहीतरी त्यात राहून जातं. शुद्धलेखन तपासणीला ते दिसत नाही, कारण चुकीची रक्कम किंवा दुसऱ्याचं नाव हा काही अशुद्ध शब्द नसतो.

पहिली चूक म्हणजे मसुदा नुसता पुन्हा पुन्हा वाचणं. तो तिसऱ्यांदा वाचताना डोळे लिहिलेलं नाही, तर मनातलं वाचतात. म्हणून मूळ कागद शेजारी ठेवा. एकाने तो मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून पाहावं. रक्कम एकेक अंक सुटा करून वाचायची आणि नाव वेलांटीसकट: 'सुनीता, नी दीर्घ'. माणूस स्वतः सही करताना जसं लिहितो, तसंच नाव हवं, व्याकरण काहीही म्हणो.

मग जुन्या पक्षाचं नाव फाइलमध्ये शोधा. पूर्ण नाव नको, आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरंच टाका, म्हणजे 'कुलकर्णी'ची 'कुलकर्ण्यांनी', 'कुलकर्ण्यांच्या' अशी रूपंही सापडतात. हेडर, फूटर आणि सहीची जागा मात्र डोळ्यांनीच पाहा. फाइलचं नावही पाहा, ते पत्रासोबतच जातं.

रकमेत खरी गोम असते. एका पत्रात एकूण रक्कम 4,86,500 होती, अक्षरांतही 'चार लाख शहाऐंशी हजार पाचशे' असंच होतं. अंक आणि अक्षरं जुळली म्हणून पत्र जवळजवळ निघालं होतं. हप्ते होते 1,50,000, 1,50,000 आणि 1,68,500. बेरीज केली तर 4,68,500. फरक 18,000, आणि त्याला 9 ने नि:शेष भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो, म्हणून आधी उलटलेली जोडी शोधायची. इथे एकूण रकमेत 86 होते, तर तिसऱ्या हप्त्यात 68. मात्र दुरुस्ती हप्त्यात करायची की बेरजेत, हे मूळ दरपत्रकच सांगेल, हिशोब नाही. तसंच चुकीची रक्कम सगळीकडे सारखीच उतरली असेल, तर बेरीजही काही दाखवणार नाही.

तारखांमध्ये मुदत मोजून पाहा. 1 जून 2025 पासून 11 महिने म्हणजे 30 एप्रिल 2026 पर्यंत. 1 मे लिहिलं तर एक दिवस जास्त होतो. वार लिहिला असेल तर कॅलेंडरशी ताडून घ्या: 1 जून 2025 ला रविवार होता. तारीख आपोआप बदलणारी घातली असेल तर ती काढून हाताने टाइप करा, नाहीतर पुढच्या महिन्यात फाइल उघडणाऱ्याला त्याच दिवसाची तारीख दिसेल.

शेवटच्या क्षणी एखादा आकडा बदलला, तर तो जिथे जिथे आला आहे त्या सगळ्या जागा पुन्हा तपासा. अक्षरांतली रक्कम अशा वेळी हमखास जुनीच राहते.