जर्मनीहून आलेला स्वेटर आटला तेव्हा

भाच्याने जर्मनीहून पाठवलेला स्वेटर मी टॉवेलांसोबत मशीनमध्ये गरम पाण्यात धुतला. बाहेर आला तो दहा वर्षांच्या पोराच्या मापाचा! चूक माझीच. आधीच्या शर्टावर ‘बाउमव्होले’ म्हणजे सुती, एवढं पाठ होतं. या लेबलावर होतं ‘७०% व्होले, ३०% पॉलिअमाइड’. नुसतं व्होले म्हणजे लोकर, पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन. तीस टक्के नायलॉन आहे म्हणून लोकर आटायची थांबत नाही. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात.

लेबलावरची चित्रं तर तेच सांगत होती. पाण्याच्या टबात हात, म्हणजे हातानेच धुवा, पाणी जास्तीत जास्त ४० अंश. (सोलापूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणीच पुष्कळ तापलेलं असतं, ते वेगळं.) चौकोनात मधोमध आडवी रेघ, म्हणजे दोरीवर न टांगता आडवा पसरून वाळवा. त्रिकोणावर फुली, म्हणजे ब्लीच नको.

उपाय म्हणून बादलीभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे हेअर कंडिशनर कालवलं, स्वेटर अर्धा तास बुडवला. न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबला. मग सावलीत सोलापुरी चादरीवर पसरून बाह्या आणि घेर थोडे थोडे ओढत टाचण्यांनी बसवले. बाह्या बऱ्यापैकी लांबल्या. छातीपाशी मात्र विणीचे टाके दिसेनासे होऊन नमद्यासारखं घट्ट झालं होतं, तिथे काही हललं नाही. आता तो धाकट्या पुतण्याला येतो.