चेहरे एकदा निवडून घ्या, मग बंद करा

आजीचे सगळे फोटो एकत्र हवेत, पण गूगल फोटोजकडे घरच्यांच्या चेहऱ्यांची माहिती कायम ठेवायची नाही? मी असं केलं.

१. सेटिंग्जमध्ये फेस ग्रुपिंग, म्हणजे एकेका चेहऱ्याचे फोटो आपोआप एकत्र करणारी सोय, चालू करून गट तयार होऊ दिले.
२. आजीचा चेहरा उघडला. पहिल्या फोटोवर बोट दाबून तसंच खाली ओढत सगळे निवडले. मधेच मावशी घुसलेली, तिला काढलं.
३. ते ‘आजी’ नावाच्या साध्या अल्बममध्ये टाकले.
४. फेस ग्रुपिंग बंद केलं. चेहऱ्यांचे गट, ते ओळखण्यासाठी बनवलेली मॉडेल आणि दिलेली नावं पुसली जातात, अल्बम राहतो.

फक्त नवे फोटो पुढे हातानेच टाकावे लागतात.