आठ लाखांतून दरमहा किती? सावध माणसाने ठेवी कशा जोखाव्यात

निवृत्तीनंतर हातात सात-आठ लाख आले की सल्ला द्यायला गल्ली गोळा होते. एक म्हणतो पोस्टात टाका, दुसऱ्याच्या मेहुण्याची पतसंस्था बारा टक्के देते, आणि बँकेत पासबुक भरायला गेलात तर काउंटरवरचा पोरगा 'मंथली इन्कम प्लॅन' म्हणून विम्याची पॉलिसी पुढे सरकवतो. ही कामे नातेवाईक आणि शेजाऱ्यांसाठी करून करून माझा एक पक्का नियम झाला आहे. टक्केवारी ऐकून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. प्रत्येक योजना एकाच मापात आणायची आणि मगच बोलायचे: एका लाखामागे दरमहा हातात किती रुपये, मुद्दल जसेच्या तसे ठेवून.

आधी डोक्यावरचे कर्ज फेडा आणि आरोग्य विम्याचा हप्ता बाजूला काढा. आधार, पॅन, फोटो या गोष्टी मी सांगत बसत नाही.

पैसे कोणाकडे ठेवताय ते पाहा

दराआधी हे पाहायचे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंत असते, आणि त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तरी हिशेब एकच. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला जेमतेम १००० रुपये काढता येत होते, हे मुंबईकरांना आठवत असेल. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला नाही, फायनान्स कंपनीच्या ठेवीलाही नाही. संस्थेचा चेअरमन गावातला, ओळखीचा, देवमाणूस असेल. तरी सावध माणसाने आपले एकुलते एक मुद्दल तिथे ठेवू नये. यावर मी वाद घालत नाही.

पोस्टाच्या योजना आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांची हमी केंद्र सरकारची. ज्येष्ठ नागरिक योजनेचे खाते बँकेत उघडले तरी देणेकरी सरकारच असते, बँक नव्हे. त्यामुळे तिथे ५ लाखांच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही.

दर एका मापात आणा

खरी गोची इथे आहे. मला स्वतःला हा भाग नीट उमगायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो.

बँकेबाहेरच्या फलकावर समजा लिहिले आहे: पाच वर्षांसाठी ७ टक्के, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'उत्पन्न ८.३० टक्के'. दुसरा आकडा खोटा नसतो, पण तुमच्या कामाचा नसतो. ७ टक्क्यांवर दर तिमाहीला चक्रवाढ होऊन १ लाखाचे पाच वर्षांनी सुमारे १,४१,४८० होतात. वरच्या ४१,४८० ला पाचाने भागले की वर्षाला सुमारे ८.३० टक्के निघतात. पण हे कधी? पाच वर्षे व्याजाला हात लावला नाही तर. तुम्हाला तर व्याज दरमहा खायचे आहे. खाल्लेल्या व्याजावर व्याज कुठून मिळणार? तुमच्यासाठी दर ७ टक्केच.

आणि दरमहा घेतलेत तर पुरते ७ सुद्धा नाहीत. बँका तिमाहीला व्याज धरतात. तुम्ही ते दर महिन्याला, म्हणजे मुदतीआधी मागता, म्हणून थोडी सूट कापून देतात. १ लाखावर तिमाहीला १,७५० रुपये व्हायला हवेत, दरमहा घेतले की सुमारे ५८० प्रमाणे तीन महिन्यांचे १,७४० येतात. दहा रुपयांचा फरक आहे, भांडायला जाऊ नका. पण '७ टक्के भागिले १२ म्हणजे ५८३, मग ५८० का आले' म्हणून मॅनेजरसमोर बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यात चूक कोणाचीच नसते.

आता बाकीच्यांना त्याच मापात आणू. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून बराच काळ ७.४ टक्के राहिला आहे: लाखामागे दरमहा ६१७ रुपये. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर त्याच काळात ८.२ टक्के: लाखामागे ६८३, पण हातात येतात तिमाहीला २,०५० रुपये, तेही एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, म्हणून खाते उघडायच्या दिवशीचा दर विचारा. एकदा उघडले की तो पाचही वर्षे तुमच्यासाठी बदलत नाही.

म्हणजे लाखामागे ५८०, ६१७ आणि ६८३. इतका साधा तक्ता कागदावर मांडल्यावर निम्मे सल्लागार गप्प होतात. बारा टक्केवाली पतसंस्था या कागदावर १,००० दिसते, हे खरे. म्हणूनच मुद्दल कोणाकडे हे आधी पाहायचे असते.

आता याच कागदावर आणखी एक रकाना हवा, आणि तो कोणीच करत नाही: मध्येच मोडली तर किती कापणार? मासिक उत्पन्न योजना पहिल्या वर्षात मोडताच येत नाही. एक ते तीन वर्षांत मोडली तर मुद्दलाचे २ टक्के, तीन वर्षांनंतर १ टक्का कापतात. ज्येष्ठ नागरिक योजनेत पहिल्या वर्षात मोडले तर दिलेले सगळे व्याज परत वळते करतात, दुसऱ्या वर्षात मुद्दलाचे १.५ टक्के आणि पुढे १ टक्का जातो.

बँकेतली ठेव मोडणे स्वस्त वाटते, कारण 'फक्त एक टक्का दंड' असे सांगतात. तो टक्का कशावर लागतो ते विचारा. ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा जुना दर धरतात, त्यातून दंड वजा करतात आणि आतापर्यंत जास्त दिलेले व्याज मुद्दलातून काढून घेतात. समजा ७ टक्क्यांची २ लाखांची ठेव चौदा महिन्यांनी मोडली आणि ठेव ठेवताना एका वर्षाचा दर ६.५ होता. दंड जाऊन तुम्हाला ५.५ प्रमाणेच व्याज मिळायचे, म्हणजे सुमारे १२,८०० रुपये. पण दरमहा १,१६० प्रमाणे १६,२०० तुम्ही घेऊन खर्चून बसलात. वरचे ३,४०० मुद्दलातून जातात. पोस्टात तेवढ्याच काळात ४,००० गेले असते. फारसा फरक नाही, म्हणून 'बँकेची कधीही मोडता येते' या वाक्याला भुलून लाखामागे ३७ रुपये दरमहा सोडण्यात अर्थ नाही.

एक हिशेब मांडून

ओळखीतल्या एका काकांचे उदाहरण घ्या. वय ६३, काकू ५८ च्या, हातात ८ लाख, घरभाड्याची चिंता नाही, पेन्शन तुटपुंजी. दरमहा साडेचार हजार वर हवे होते.

सगळे ८ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले असते तर महिन्याला ५,४६७ बसले असते. काकांना ते फार आवडले होते. पण मग आजारपणाला हातात शून्य, आणि या योजनेत थोडी रक्कम काढता येत नाही, मोडले तर सगळे खाते मोडते. म्हणून ५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, तेही दोन खात्यांत: ३ लाख पोस्टात, २ लाख बँकेत. काकू साठीच्या आतल्या असल्या तरी जोडीदार म्हणून दुसरे नाव चालते, वय पहिल्या खातेदाराचे पाहतात. २ लाख मासिक उत्पन्न योजनेत, दोघांच्या नावाने. उरलेल्या १ लाखातून ३०-३० हजारांच्या तीन ठेवी एका वर्षाच्या आणि १०,००० बचत खात्यात. ९० हजारांची एकच ठेव केली असती तर २० हजारांची गरज लागल्यावर सगळी मोडावी लागली असती.

उत्पन्न? ज्येष्ठ नागरिक योजनेचे महिन्याला ३,४१७ आणि मासिक योजनेचे १,२३३, मिळून ४,६५०. ते २ लाखही ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले असते तर महिन्याला १३३ रुपये जास्त मिळाले असते. काकूंना दर महिन्याला ठरलेल्या तारखेला काहीतरी खात्यात पडलेले हवे होते, त्याची ही किंमत. मला ती रास्त वाटली. तुम्हाला तिमाहीचे भान ठेवता येत असेल तर देऊ नका.

तिमाही व्याजाचे मासिक करायला बँकेत दर १ तारखेला ३,४०० रुपये घरखर्चाच्या खात्यात वळवण्याची कायमची सूचना द्यायची. इथे बहुतेकांची पहिली तिमाही फसते. २० ऑगस्टला खाते उघडले तर १ ऑक्टोबरला पूर्ण १०,२५० येत नाहीत, फक्त ४२ दिवसांचे सुमारे ४,७०० येतात. १ नोव्हेंबरला खाते रिकामे आणि सूचना परत. बचत खात्यातले ते १०,००० याचसाठी ठेवले होते: सप्टेंबरपासून ३,४०० जात राहिले तरी डिसेंबरच्या हप्त्यानंतर ११०० उरतात आणि जानेवारीत पहिले पूर्ण व्याज येते. पोस्टातले व्याज थेट याच बँक खात्यात जमा करून घ्या, नाहीतर दर तिमाहीला पोस्टाची खेप ठरलेली.

किरकोळ

वारस प्रत्येक खात्याला लावा, पावतीवर छापून आल्याशिवाय लागला समजू नका.

ज्येष्ठांच्या बाबतीत एका बँकेत वर्षाचे व्याज १ लाखाच्या आत असेल तर उगमातच कर कापत नाहीत, त्यामुळे काकांना स्वयंघोषणेचा फॉर्म भरायचीही गरज पडली नाही. व्याज करपात्र मात्र असतेच.

पाच वर्षांनी ज्येष्ठ नागरिक योजना तीन वर्षांसाठी वाढवता येते, पण अर्ज द्यावा लागतो आणि दर तेव्हाचा लागतो. मासिक योजना वाढत नाही. ती बंद करून नवे खाते उघडायचे. तोवर ४,६५० चे ४,६५०च राहतात, गॅसची टाकी काय भावाने मिळेल ते मिळो. त्यामुळे पहिल्या वर्षी त्यातले पाचशे-सहाशे रुपये उरत असतील तर ते साठवा आणि त्या ३० हजारांच्या ठेवी वर्षाने नव्याने करताना त्यांत घाला.