वेल्च अनोव्हा लिहिताना या चुका टाळा

पुण्यात प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की निकालांची प्रकरणं तपासायला माझ्याकडे येतात. त्यात एक वाक्य हमखास भेटतं: "लेव्हीन चाचणी सार्थ आल्याने वेल्च अनोव्हा वापरली, F(२, ११७) = १६.६५, p = ०.०००, त्यानंतर ट्युकी चाचणी केली, η² = ०.२२." वाक्य नीटनेटकं दिसतं, पण त्यातला एकही आकडा वेल्चचा नाही.

हे एका उदाहरणातून उलगडू. आकडे काल्पनिक आहेत, समजावण्यापुरते. शिवाजीनगर परिसरातल्या कचेऱ्यांमध्ये काम करणाऱ्या १२० जणांना विचारलं, घरून ऑफिसला पोचायला किती मिनिटं लागतात? दुचाकीवाले ६०, सरासरी ३४ मिनिटं, प्रमाण विचलन ८. मेट्रोने येणारे ३५, सरासरी ४१, विचलन १२. पीएमपीच्या बसने येणारे २५, सरासरी ५१, विचलन २०. बसचं विचलन सगळ्यांत मोठं असावं यात पुणेकराला नवल वाटणार नाही. एक दिवस बस लगेच मिळते, दुसऱ्या दिवशी थांब्यावरच अर्धा तास जातो.

नेहमीची अनोव्हा काय करते? तिन्ही गटांचा पसारा एकत्र कालवून एकच विचलन काढते. इथे ते साडेबारा मिनिटं येतं. त्यावर दुचाकीच्या ६० जणांचं वजन जास्त, म्हणून बसचा २० चा पसारा त्यात दबून जातो. सगळ्यांत लहान गटाचा पसारा सगळ्यांत मोठा असेल, तर साधी F फुगते आणि नसलेला फरकही सार्थ दाखवण्याची शक्यता वाढते. उलट मोठ्या गटाचा पसारा मोठा असेल तर ती गरजेपेक्षा जास्त सावध होते. वेल्च प्रत्येक गटाला त्याच्या स्वतःच्या व्हेरिअन्सनुसार वजन देते. याच आकड्यांवर वेल्चची F येते ११.७४, डिग्रीज ऑफ फ्रीडम २ आणि ४६.२६.

तो ४६.२६ नीट पाहा. वेल्चची दुसरी डिग्री बहुतेक वेळा अपूर्णांकात येते. १२० वजा ३ म्हणजे बरोब्बर ११७ दिसले, तर आकडा साध्या अनोव्हाच्या तक्त्यातून उचललाय हे नक्की. एसपीएसएसमध्ये ही गफलत सहज होते, कारण पर्यायांत वेल्चवर खूण केली तरी नेहमीचा `ANOVA` तक्ता वर छापला जातोच. वेल्चचा निकाल `Robust Tests of Equality of Means` या वेगळ्या तक्त्यात असतो. आरमध्ये `oneway.test` मुळातच वेल्च करते, `aov` करत नाही:

```
oneway.test(vel ~ sadhan, data = d)
```

काही जण ४६.२६ चं "सोयीसाठी" ४६ करतात. करू नका, दोन दशांश ठेवा. त्या अपूर्णांकावरूनच वाचकाला तुम्ही काय केलं ते कळतं. आणि p = ०.००० असं कधीच लिहू नका. p शून्य नसते, सॉफ्टवेअरने तीनच दशांश दाखवलेले असतात. p < ०.००१ लिहा.

आता ट्युकीकडे, कारण खरं नुकसान इथे होतं. व्हेरिअन्स सारखे नाहीत म्हणून वेल्च निवडली, मग जोड्यांच्या तुलनेत ते अचानक सारखे कसे झाले? ट्युकी पुन्हा तेच कालवलेलं साडेबारा वापरते. बस आणि मेट्रो यांच्यात १० मिनिटांचा फरक आहे. ट्युकीने त्याची प्रमाण त्रुटी ३.२७ येते आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २.२ ते १७.८. फरक सार्थ! गेम्स-हॉवेल चाचणी त्या दोन गटांचेच व्हेरिअन्स घेते. प्रमाण त्रुटी ४.४८ होते, इंटरव्हल −१.० ते २१.०, p = ०.०८. म्हणजे ट्युकीवर विसंबलेल्या विद्यार्थ्याने "मेट्रो बसपेक्षा सार्थपणे वेगवान" असा निष्कर्ष लिहिला असता, आणि तो या माहितीत टिकत नाही. वेल्चच्या मागोमाग गेम्स-हॉवेल, हा जोड मोडू नका. एसपीएसएसमध्ये ती `Equal Variances Not Assumed` या भागात सापडते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. p = ०.०८ दिसलं की "बस आणि मेट्रोमध्ये फरक नाही" असं लिहून मोकळे होतात. इंटरव्हल सांगतो की मेट्रो २१ मिनिटांनी वेगवान असू शकते, किंवा जेमतेम एखाद्या मिनिटाने हळूही. याला "फरक नाही" म्हणत नाहीत, "या माहितीवरून ठरवता येत नाही" म्हणतात.

इफेक्ट साइझचीही तीच गत. η² = ०.२२ हा साध्या तक्त्यातल्या वर्गांच्या बेरजांचा भागाकार आहे आणि त्याचा वेल्चच्या F शी संबंध नाही. सॉफ्टवेअर आपणहून जो इफेक्ट साइझ छापतं तो सहसा याच तक्त्यातला असतो, म्हणून आधी तपासून घ्या. वेल्चच्या F वरून ओमेगा स्क्वेअरचा अंदाज हातानेही निघतो:

```
ω² = df1(F − 1) / (df1(F − 1) + N)
   = 2 × 10.74 / (2 × 10.74 + 120)
   = 0.15
```

०.२२ आणि ०.१५ यांत बराच फरक आहे. कोणता आकडा कसा काढला हे एका वाक्यात सांगा. त्याला "मध्यम", "मोठा" अशी लेबलं चिकटवण्याचा सोस मात्र मला पटत नाही. वाचकाला १७ मिनिटं म्हणजे काय ते लेबलाशिवाय कळतं. म्हणून जोड्यांसाठी मूळ एककातला फरक आणि त्याचा इंटरव्हल आधी द्या.

हे सगळं सलग गद्यात असं लिहिता येईल:

"प्रवासाला लागणारा सरासरी वेळ साधनानुसार वेगळा होता, वेल्च F(२, ४६.२६) = ११.७४, p < ०.००१, ω² = ०.१५ (वेल्चच्या F वरून). गेम्स-हॉवेल तुलनेनुसार बसने येणाऱ्यांना दुचाकीवाल्यांपेक्षा सरासरी १७ मिनिटं जास्त लागली (९५% इंटरव्हल ६.८ ते २७.२, p < ०.००१), तर मेट्रोने येणाऱ्यांना दुचाकीवाल्यांपेक्षा ७ मिनिटं जास्त (१.५ ते १२.५, p = ०.००९). बस आणि मेट्रो यांच्यातला १० मिनिटांचा फरक निर्णायक नव्हता (−१.० ते २१.०, p = ०.०८)."

प्रत्येक वाक्यात आधी माणसांबद्दलचं विधान आहे आणि मग आकडे. कुणाला कुणापेक्षा जास्त लागलं हे शब्दांत आहे, त्यामुळे उणे चिन्हाचा घोळ होत नाही. वजाबाकी कोणत्या क्रमाने करायची हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने ठरवतं आणि विद्यार्थी −१७ तसाच उतरवतात, दिशा न सांगता. गटांच्या संख्या, सरासऱ्या आणि विचलनं या परिच्छेदाच्या आधी तक्त्यात हवीतच. ती दिली असतील तर परीक्षक वेल्चची F स्वतः काढून पडताळू शकतो.

राहिली लेव्हीन चाचणी. "लेव्हीन सार्थ आली म्हणून वेल्च" हे कारण कमकुवत आहे. लहान गटांत लेव्हीनला फरक दिसत नाही, फार मोठ्या गटांत क्षुल्लक फरकही दिसतो. गटांच्या संख्या असमान आहेत आणि पसारा सारखा असेल असं मानायला आधार नाही, म्हणून वेल्च सुरुवातीपासूनच ठरवली होती, असं पद्धतीच्या प्रकरणात लिहा. अर्थात, ती खरंच आधी ठरवली असेल तरच.